कटिंगचं जेवण: अंड्याचा पांढरा भाग, भाज्या आणि दही, ग्रॅमनुसार मोजून

कटिंग करताना, म्हणजे स्नायू टिकवून चरबी कमी करताना, एग व्हाइटची भुर्जी आणि दही खाणारे बरेच जण असतात, पण कॅलरीचा हिशोब विचारला की "सहा अंडी, थोडं तेल, वाटीभर दही" एवढंच उत्तर येतं. यातली अंडी सहसा गडबड करत नाहीत, गडबड होते ती "थोडं" आणि "वाटीभर" या दोन शब्दांत. म्हणून खाली एकच जेवण दिलंय, पण सगळं ग्रॅममध्ये. किचनचा डिजिटल वजनकाटा लागेल, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा पुरतो.

एका माणसाचं प्रमाण, सगळं कच्चं वजन: अंड्याचा पांढरा भाग २०० ग्रॅम (साधारण सहा मोठ्या अंड्यांचा), एक अख्खं अंडं, मशरूम १०० ग्रॅम, सिमला मिरची ७५ ग्रॅम, कांदा ५० ग्रॅम, पालक ५० ग्रॅम, काकडी १०० ग्रॅम, तेल ३ ग्रॅम, आणि फॅट काढलेल्या दुधाचं साधं दही २०० ग्रॅम. मीठ, मिरपूड, लसूण, हिरवी मिरची आवडीप्रमाणे, त्यांचा हिशोब धरायची गरज नाही.

याचा हिशोब असा बसतो: पांढऱ्या भागातून साधारण १०५ कॅलरी आणि २२ ग्रॅम प्रोटीन, अख्ख्या अंड्यातून ७० च्या आसपास कॅलरी आणि ६ ग्रॅम, सगळ्या भाज्या मिळून ८५ कॅलरी आणि ६ ग्रॅम, तेलाच्या २७ कॅलरी, दह्याच्या साधारण ९० कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रोटीन. म्हणजे एकूण ३८० च्या आत कॅलरी आणि ४२ ग्रॅम प्रोटीन, आणि ताट चांगलं भरलेलं दिसतं कारण भाज्याच पावणेचारशे ग्रॅम आहेत. दह्याचे आकडे ब्रँडप्रमाणे बदलतात, त्यामुळे ते डब्यावरचेच धरा.

अख्खं अंडं कशाला, असं वाटेल. नुसत्या पांढऱ्याची भुर्जी फिकट लागते आणि कोरडी होते हे एक, आणि दुसरं म्हणजे कोलीन, अ आणि ड जीवनसत्त्व हे सगळं बलकात असतं, पांढऱ्यात जवळपास नाहीच. सत्तर कॅलरीत एवढं मिळतंय तर ते एक अंडं काढू नका.

आता मोजायचं कसं. अंडी मोजून घेऊ नका, वजन करून घ्या, कारण लहान अंड्यातून २५ ग्रॅम पांढरा भाग निघतो आणि मोठ्यातून ३५ च्या वर. काट्यावर रिकामा बाऊल ठेवा, टेअरचं बटण दाबून शून्य करा आणि एकेक अंडं आधी छोट्या वाटीत फोडून मग बाऊलमध्ये ओता, म्हणजे एखादं खराब निघालं तर बाकीची वाया जात नाहीत. बलकाचा थेंब पडला तरी भुर्जीला काही फरक पडत नाही, तो काढत बसू नका.

तेलाची ट्रिक मात्र नीट लक्षात ठेवा. तेलाची बाटलीच काट्यावर ठेवायची, टेअर करायचं, बाटली उचलून पॅनमध्ये थोडं तेल सोडायचं आणि परत काट्यावर ठेवायची. काटा उणे ३ दाखवेल, तेवढंच तेल गेलं. हे एकदा तरी कराच, कारण नजरेने ओतलेलं "थोडं तेल" सहज १५ ग्रॅम निघतं आणि त्याच्या १३५ कॅलरी होतात, म्हणजे सगळ्या एग व्हाइटपेक्षा जास्त! तीन ग्रॅममध्ये काम भागवायचं तर पॅन नॉनस्टिक हवा आणि तेल ब्रशने किंवा टिश्यूने पसरवायला हवं.

शिजवताना सगळं कौशल्य पाणी घालवण्यात आहे. ही भुर्जी बिघडते ती बहुतेक वेळा ताटात पाणी सुटून, आणि ते पाणी भाज्यांचं असतं. त्यामुळे आधी पॅन चांगला तापवा आणि मशरूमच्या चकत्या तेल न घालता टाका. दोन मिनिटांत त्या पाणी सोडतील, पॅनमध्ये खदखद सुरू होईल, घाबरू नका, गॅस मोठाच ठेवा. पाच-सहा मिनिटांनी खदखद थांबून चुरचुर आवाज यायला लागला आणि कडा तपकिरी दिसल्या की पाणी संपलं. आता तेल, लसूण, मिरची, कांदा आणि सिमला मिरची, तीन-चार मिनिटं. शेवटी चिरलेला पालक, तो मिनिटभरात बसतो, त्याचंही पाणी आटेपर्यंत थांबा. मीठ याच टप्प्यावर घाला.

आता गॅस मंद करा आणि हे विसरू नका, कारण पांढरा भाग साधारण ६२ अंशांना घट्ट व्हायला लागतो आणि ८० च्या आसपास पूर्ण घट्ट होतो, त्यापुढे तापवत राहिलात की त्यातलं पाणी पिळून बाहेर येतं आणि रबरासारखे तुकडे उरतात. अख्खं अंडं पांढऱ्यात फेटून भाज्यांवर ओता, अर्धा मिनिट हात लावू नका, मग स्पॅच्युलाने कडेकडून आत ओढत राहा. पारदर्शक द्रव दिसेनासा झाला पण वरून अजून ओलसर चमक आहे, तेव्हाच गॅस बंद. बाकीचं पॅनच्या उष्णतेवर होतं. पण कच्चट ठेवू नका आणि कच्चा पांढरा भाग पिण्याचा प्रकार तर अजिबात नको, कच्च्यातलं प्रोटीन शरीर जेमतेम अर्धं पचवतं, शिजवल्यावर नव्वद टक्क्यांच्या आसपास, शिवाय साल्मोनेलाची भीती असतेच.

दही गरम भुर्जीत घालायचं नाही, ते फाटतं. काकडी किसून घट्ट पिळा, फेटलेल्या दह्यात घाला, मिरपूड टाका, मीठ अगदी खाताना, नाहीतर पाणी सुटतं. दही घट्ट हवं असेल तर फडक्यात तासभर टांगा, पण वजन टांगायच्या आधी करा आणि तोच आकडा लिहा. फ्लेवर्ड दही घेऊ नका, त्यात साखर असते, आणि फुल फॅट दही घेतलंत तर तीसेक कॅलरी वाढतील, तेवढ्या धरून टाका म्हणजे झालं.

प्रमाण कमी-जास्त करायचं असेल तर फक्त पांढरा भाग हलवा. समजा ७० किलोचा माणूस दिवसाला १२५ ग्रॅम प्रोटीन घेतोय, तर या एका जेवणात त्याचा तिसरा हिस्सा झाला. ५५ किलोच्या व्यक्तीला एवढं नको, तिने पांढरा भाग १३५ ग्रॅम घ्यावा, साधारण ७ ग्रॅम प्रोटीन आणि ३५ कॅलरी कमी होतात, बाकी सगळं तसंच. यात कार्ब्स कमी आहेत, त्यामुळे हे जड वर्कआउटच्या आधी खाऊ नका, रात्री किंवा आरामाच्या दिवशी बरं पडतं. किडनीचा त्रास असेल तर एवढं प्रोटीन डॉक्टरांना विचारूनच.

डबा न्यायचा असेल तर भुर्जी आणि दही वेगवेगळ्या डब्यांत, आणि भुर्जी गार झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी ती थोडं पाणी सोडतेच, ते ओतून टाका आणि मंद आचेवर गरम करा. त्यापेक्षा भाज्या चिरून, वजन करून ठेवल्या आणि अंडी ऐन वेळी फोडली तर पंधरा मिनिटांत ताजं होतं.