सगळ्यात वरची लिंक म्हणजे सरकारी साईट नव्हे

परदेशात नवीन आलेल्यांना सिम कार्ड, बँक, घर यावर सगळेच सांगतात, ते मी सोडतो. मला एकच सांगायचंय, सरकारी काम गूगलवर शोधताना पहिल्या लिंकवर क्लिक करू नका. आपल्या देशात सरकारी साईटचा अवतार आपण लांबून ओळखतो. इथे ऑफिसचं नावसुद्धा धड वाचता येत नसतं, म्हणून जे वर दिसेल ते खरं वाटतं, आणि नेमकं याच लोकांसाठी तिथे पैसे भरून जाहिरातीची जागा घेतलेली असते.

मागे एक नवीन जोडपं आलं. रेसिडन्स कार्ड रिन्यू करायचं होतं, सर्च केलं, पहिली लिंक उघडली. छान स्वच्छ साईट, झेंड्याचे रंग, फॉर्म भरला, पासपोर्टचा फोटो अपलोड केला, कार्डाने पैसे भरले. नंतर कळलं की ती खाजगी एजंटची साईट, भरले ते पैसे फक्त फॉर्म भरून द्यायचे, सरकारी फी वेगळीच, आणि अपॉइंटमेंट तर खऱ्या साईटवर फुकट मिळत होती. अगदी तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की आमचा सरकारशी संबंध नाही. बँकेला फोन केला तर बँक म्हणाली पैसे तुम्हीच भरलेत, लिहिलेली सर्व्हिस त्यांनी दिली. पैसे गेले ते गेलेच, वर पासपोर्टची कॉपी कुणा अनोळखी माणसाकडे राहिली, आणि मला तर त्याचीच जास्त काळजी वाटते.

आता ओळखायचं कसं. जाहिरातीवर Sponsored असं लिहिलेलं असतं, पण फोन इथल्या भाषेत लावला असेल तर तोच शब्द जर्मनमध्ये Gesponsert, फ्रेंचमध्ये Sponsorisé असा येतो, आणि नवीन माणूस अनोळखी शब्दावरून सरळ पुढे जातो. पूर्वी गूगल जाहिरातींच्या मागे रंगीत पट्टा द्यायचं, मग पिवळं लेबल आलं, मग हिरवं, 2020 मध्ये काळी अक्षरं, 2022 पासून Sponsored. म्हणजे जाहिरात साध्या रिझल्टसारखी दिसत गेलीय, तेव्हा रंगावर भरवसा नको, शब्द वाचा. जाहिराती वरती चारपर्यंत असू शकतात, तळालासुद्धा असतात. जाहिरातीशेजारी तीन टिंबं असतात, ती दाबली की जाहिरात कुणाची, कुठल्या देशातून ते बहुतेक वेळा दिसतं. ऑफिस इथलं आणि जाहिरातदार भलत्याच देशातला, की समजून जा.

वरची जागा लिलावात मिळते. तुम्ही सर्च केलं की त्या क्षणी बोली लागते, बोलीची रक्कम आणि जाहिरात तुमच्या शब्दांशी किती जुळते असं मिळून नंबर ठरतो. सरकारी खातं फुकटच्या अपॉइंटमेंटसाठी कशाला बोली लावेल? एजंटला मात्र प्रत्येक गिऱ्हाइकामागे कमाई असते, तो लावतो. सरकारी कागदपत्रांच्या अशा जाहिरातींवर गूगलचे निर्बंध आहेत, तरी काही निसटतातच.

डोमेन, म्हणजे साईटचं मूळ नाव, वाचायला शिका. जाहिरातीत तिरप्या रेघेपुढे जे शब्द दिसतात ते जाहिरातदार स्वतः लिहितो, तसं पान असायलाच हवं असं नाही. त्यामुळे तिथे official किंवा permit दिसलं तरी उपयोग नाही, रेघेच्या आधीचं नाव बघा. आणि प्रत्येक देशात .gov नसतं हो, कॅनडाची साईट canada.ca आहे, बर्लिन शहराची berlin.de. म्हणून ऑफिसकडून आलेल्या पत्रावर किंवा कागदावर छापलेला पत्ता घ्या, टाईप करा, उघडला की बुकमार्क करून ठेवा.

साध्या रिझल्टमध्येही पहिला म्हणजे चांगला असं नाही. "बेस्ट इन्शुरन्स" शोधलं की वर येणाऱ्या पानांपैकी बऱ्याच जणांना तुम्ही तिथून पॉलिसी घेतलीत की कमिशन मिळतं, आणि ज्याचं कमिशन जास्त तो यादीत वर सरकू शकतो. सगळ्या जाहिराती फसव्याही नसतात, दुकानाच्या वस्तूसाठी मीसुद्धा क्लिक करतो. पण जिथे पासपोर्ट नंबर किंवा बँकेचा पासवर्ड टाकायचाय तिथे नाही. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेच इशारा दिला होता की सर्चच्या जाहिरातींतून ओळखीच्या कंपन्यांसारख्या दिसणाऱ्या खोट्या साईटवर लोकांना नेलं जातंय.

आता आपल्या लोकांबद्दल. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी विचारलं की दोन मिनिटांत कुणीतरी लिंक टाकतं, "हीच वापरा, मी वापरलीय", आणि पुढचे दहा जण न बघता तीच फॉरवर्ड करतात. मदत करायची हौस मोठी, खात्री कुणी करत नाही. अशी लिंक आली की तिची शेपटी बघा. त्यात असं काही दिसलं तर

```
?gclid=...
```

देणाऱ्याने ती बहुधा जाहिरातीवर क्लिक करूनच उचललेली आहे. त्याला चिडवू नका, फक्त विचारा की त्याने फी कुणाला भरली, पावतीवर नाव ऑफिसचं आहे की एखाद्या कंपनीचं.