लांब मुदतीचा रोखा घेताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांत बचतीचा पैसा बहुधा ठेव पावतीत असतो, मग ती बँकेची असो वा मल्टिपर्पज सोसायटीची. पावतीवर मुद्दल छापलेले असते आणि मधल्या काळात व्याजदर कितीही वरखाली झाले तरी ते मुद्दल हलत नाही. रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट योजना 12 नोव्हेंबर 2021 रोजी सुरू झाली आणि किमान 10,000 रुपयांपासून केंद्र सरकारचे रोखे, तसेच कर्नाटकासह सर्व राज्यांची विकास कर्जे, म्हणजे राज्य सरकारांचे रोखे, सामान्य माणसाला थेट घेता येऊ लागली. मात्र पावतीची सवय घेऊन रोख्यांकडे गेलेला गुंतवणूकदार ज्या चुका करतो, त्या जवळजवळ सगळ्याच, व्याजदर बदलल्यावर रोख्याचा भाव किती हलेल हे सांगणाऱ्या ड्युरेशन या एका संकल्पनेपाशी येऊन थांबतात.

सरकारी हमी म्हणजे भावाची हमी, असे समजणे

सरकारी रोख्याचे व्याज आणि मुदतीअंती मुद्दल मिळणार, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. हमी आहे ती मुदतीअंती मिळणाऱ्या मुद्दलाची. मधल्या काळात रोखा विकावा लागला तर मिळेल तो त्या दिवशीचा बाजारभाव.

समजा, निपाणीतील एका निवृत्त शिक्षकांनी 10 लाख रुपये 30 वर्षांच्या रोख्यात घातले. रोख्याचे कूपन, म्हणजे दर्शनी किमतीवर मिळणारे ठरलेले वार्षिक व्याज, 7 टक्के, ते दर सहा महिन्यांनी, आणि खरेदीच्या दिवशी बाजारातील यील्ड, म्हणजे त्या दिवशीच्या भावाने रोखा घेऊन मुदतीपर्यंत ठेवल्यास पडणारा वार्षिक परतावा, तोही 7 टक्केच, म्हणून भाव नेमका 100 रुपये. नातीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी हे पैसे तीन वर्षांनी लागणार आहेत. तीन वर्षांनी यील्ड 8 टक्के झालेले असेल, तर 27 वर्षे उरलेल्या या रोख्याचा भाव सुमारे 89 रुपये होईल आणि विक्रीतून 8 लाख 90 हजार रुपये हाती येतील. दरम्यान व्याजाचे 2 लाख 10 हजार मिळालेले असतात. म्हणजे तीन वर्षांच्या व्याजातील निम्म्याहून अधिक रक्कम भावातील घसरणीने खाल्ली. तेवढ्याच यील्डचा तीन वर्षांचा रोखा घेतला असता, तर त्याच व्याजासह मुद्दलाचे पूर्ण 10 लाख परत आले असते.

याच शिक्षकांनी कूपन असलेल्या रोख्याऐवजी 30 वर्षांनी एकरकमी फेड होणारी, मधे काहीच व्याज न देणारी स्ट्रिप घेतली असती तर काय झाले असते, हेही पाहावे. सरकारी रोख्याचे हप्ते आणि मुद्दल सुटे करून विकण्याची ही सोय आपल्याकडे 2010 पासून आहे. यील्ड 7 टक्क्यांवरच राहिले असते तर तीन वर्षांनी त्यांच्या 10 लाखांचे सुमारे 12 लाख 29 हजार झाले असते. ते 8 टक्के झाल्यास मात्र हाती सुमारे 9 लाख 48 हजार येतात. तीन वर्षे थांबूनही मूळ रक्कम पूर्ण नाही, आणि मधे व्याजाचा एक रुपयाही नाही.

एवढा फरक कशामुळे पडतो

भविष्यात मिळणाऱ्या प्रत्येक रकमेची आजची किंमत काढताना ती एक अधिक यील्ड या पटीने भागली जाते, आणि रक्कम जितकी लांब तितक्या अधिक वेळा भागली जाते. वर्षभराने मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत, यील्ड 7 वरून 8 टक्के झाल्यास, एका टक्क्याहून किंचित कमी घसरते. तीस वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांची किंमत 12 रुपये 69 पैशांवरून 9 रुपये 51 पैशांवर येते, म्हणजे पाव हिस्सा जातो. दरातील बदल तोच असला तरी लांबच्या रकमेवर तो साठवेळा, दर सहामाहीला एकदा, लागू होतो.

आता 7 टक्के कूपनच्या 30 वर्षांच्या रोख्याकडे पाहिले, तर त्याच्या 100 रुपयांच्या भावापैकी जवळपास 50 रुपये पहिल्या दहा वर्षांच्या व्याजातूनच येतात आणि अखेरच्या मुद्दलाचा वाटा 13 रुपयांहूनही कमी असतो. उसाच्या बिलाचा मोठा भाग पहिल्याच हप्त्यात मिळालेल्या शेतकऱ्याला शेवटच्या हप्त्याचा घोर कमी असतो, तसेच हे आहे: लवकर हाती येणारे कूपन भावाला सावरून धरते. कूपन जितके कमी, तितका किमतीचा मोठा भाग दूरच्या मुद्दलावर विसंबतो; स्ट्रिपच्या बाबतीत तर संपूर्ण किंमतच तिथे असते.

या सगळ्या रकमा किती लांब आहेत, याची आजच्या किमतींनुसार काढलेली भारित सरासरी म्हणजे मॅकॉले ड्युरेशन. आपल्या 7 टक्क्यांच्या रोख्यासाठी ती 12.9 वर्षे आहे. तिला सहामाही यील्डच्या पटीने, म्हणजे 1.035 ने, भागले की सुधारित ड्युरेशन 12.47 मिळते. यील्ड एक टक्का हलले तर भाव साधारण 12.47 टक्के उलट दिशेला हलेल, असा त्याचा अर्थ. स्ट्रिपचे सुधारित ड्युरेशन 28.99 आहे. एक्सेलमध्ये ते असे काढता येते. शेवटचा 4 हा आकडा वर्ष 360 दिवसांचे आणि महिना 30 दिवसांचा धरण्यासाठी आहे:

```
=MDURATION(DATE(2026,4,1),DATE(2056,4,1),7%,7%,2,4)
```

मुदत वाढली की ड्युरेशन तितकेच वाढते, असे धरून चालणे

केंद्र सरकार आता 40 आणि 50 वर्षांचेही रोखे काढते. 30 ऐवजी 40 वर्षांचा रोखा घेतल्यास धोका एक तृतीयांशाने वाढेल, असे अनेकांना वाटते. यील्ड आणि कूपन दोन्ही 7 टक्के असताना सुधारित ड्युरेशन 12.47 वरून 13.37 पर्यंतच जाते, आणि अशा रोख्यासाठी, मुदत कितीही लांबवली तरी, ते 14.3 च्या पुढे जात नाही. स्ट्रिपला मात्र अशी मर्यादा नाही; तिचे ड्युरेशन मुदतीबरोबर जवळपास सरळ वाढत जाते. म्हणून कूपन आणि मुदत हे दोन आकडे एकत्रच वाचले पाहिजेत. मुख्यतः सरकारी रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या गिल्ट फंडाच्या माहितीपत्रकातही सरासरी मुदतीजवळच सुधारित ड्युरेशन छापलेले असते. भावाच्या हालचालीचा अंदाज दुसऱ्या आकड्यावरून करावा.

कमी भाव पाहून रोखा स्वस्त आहे असे मानणे

बाजारात 5 टक्के कूपनचा 30 वर्षांचा रोखा 75 रुपयांना दिसला की, 100 रुपयांची वस्तू 75 ला मिळते असा मोह होतो. वस्तुतः 7 टक्के यील्ड असताना त्याचा योग्य भावच 75 रुपये 6 पैसे आहे. कमी मिळणाऱ्या व्याजाची ती भरपाई आहे, सूट नव्हे. त्याचे सुधारित ड्युरेशन 13.27 असल्याने, यील्ड एकदम 8 टक्के झाल्यास तो 12 टक्के घसरतो, तर 7 टक्के कूपनचा रोखा 11.3 टक्के आणि 9 टक्के कूपनचा 10.9 टक्के घसरतो. कूपन 9 वरून 5 टक्क्यांवर आल्याने पडलेला फरक सुमारे एका टक्क्याचा आहे, आणि स्ट्रिपची घसरण मात्र 25 टक्क्यांहून जास्त. माझ्या मते या आकड्यांतून घ्यायचा बोध असा की, मध्यम कूपनांमध्ये निवड करताना ड्युरेशनची फार चिंता करू नये, पण कूपन शून्याच्या जवळ जाऊ लागले की प्रत्येक पायरी तपासावी.

रेपो दर उतरला म्हणून लांबचा रोखा घेणे

ड्युरेशनच्या गुणाकारात जे यील्ड घ्यायचे, ते त्या रोख्याचे स्वतःचे यील्ड असते; रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचे कर्ज ज्या दराने देते तो रेपो दर नव्हे. 6 जून 2025 रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर अर्ध्या टक्क्याने कमी करून 5.5 टक्के केला, पण त्याच वेळी धोरणाची दिशा ‘तटस्थ’ केली. पुढे फारशी कपात होणार नाही, असा अर्थ बाजाराने त्यातून काढला आणि लांब मुदतीच्या रोख्यांचे यील्ड खाली येण्याऐवजी पुढील आठवड्यांत वर चढले. कपातीची बातमी वाचून 30 वर्षांचा रोखा घेणाऱ्याला ड्युरेशनचा फटका उलट बाजूने बसला. सरकारची उसनवारी, महागाईचा अंदाज, विमा कंपन्यांची मागणी यांवर लांबचे यील्ड ठरते, आणि ते रेपोच्या पाठोपाठ चालेलच असे नाही.

आकडा जुळत नसेल तर

भावातील प्रत्यक्ष बदल ड्युरेशनच्या अंदाजाशी जुळत नसेल, तर आधी आपण व्याजाशिवायचा भाव पाहत आहोत की साठलेले व्याज धरून, हे तपासावे. खरेदीदार साठलेले व्याज वेगळे चुकते करतो आणि हप्ता मिळाल्या दिवशी ते शून्यावर येते. दोन भावांची गल्लत झाली की खोटी घसरण दिसते.

हे बरोबर असूनही फरक उरला, तर बदल मोठा असण्याची शक्यता आहे. ड्युरेशन ही सरळ रेषा आहे, भाव मात्र वक्र चालतो. आपल्या रोख्याचे यील्ड अर्धा टक्का वाढल्यास अंदाज 6.24 टक्क्यांचा, प्रत्यक्ष घसरण 5.93 टक्क्यांची, एक टक्का वाढल्यास अंदाज 12.47, प्रत्यक्ष 11.31, आणि एक टक्का उतरल्यास भाव 13.84 टक्के वाढतो. ही चूक धारकाच्या बाजूने असते, त्यामुळे अंदाज चुकीचा निघाला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तरीही अर्ध्या टक्क्याहून मोठ्या बदलासाठी भाव पुन्हा मोजावा.

रोखा आधीच घेतलेला असेल तर

निपाणीच्या शिक्षकांसारखी स्थिती असेल, तर पैसे लागण्याची तारीख आणि मॅकॉले ड्युरेशन शेजारी शेजारी लिहावे. तारीख ड्युरेशनच्या जवळ असेल, तर दर वाढल्याने भावात होणारे नुकसान आणि व्याजाचे हप्ते वाढीव दराने पुन्हा गुंतवल्याने होणारा फायदा साधारण एकमेकांना भरून काढतात. तारीख खूपच अलीकडे असेल, तर ‘थोडे थांबू, रोखा जुना झाला की धोका कमी होईल’ हा विचार उपयोगाचा नाही: तीन वर्षे उलटल्यावर, यील्ड 7 टक्केच असेल तर, त्या रोख्याचे सुधारित ड्युरेशन 12.47 वरून केवळ 12.06 पर्यंत उतरते. फीसाठी लागणारा हिस्सा लगेच विकून दोन-तीन वर्षांच्या रोख्यात किंवा बँकेच्या ठेव पावतीत हलवावा, आणि ज्या रकमेला बारा-तेरा वर्षे हात लावावा लागणार नाही, तेवढीच लांबच्या रोख्यात राहू द्यावी. विक्रीपूर्वी खरेदीदाराचा भाव जरूर पाहावा, कारण जुन्या, कमी व्यवहार होणाऱ्या रोख्यांत लहान रकमेला मागणी कमी असते आणि छापील भावापेक्षा काही पैसे खाली द्यावे लागू शकतात.