४३ प्रश्नांचे १७ कसे झाले

लातूरकडच्या आमच्या शेतकरी गटाची सोयाबीनची प्रश्नोत्तरं वाढत वाढत ४३ प्रश्नांवर गेली होती. तरी पेरणीच्या तोंडावर फोन यायचेच, अन् तेही यादीत उत्तर असलेल्याच प्रश्नांसाठी.

म्हणून यादी छोटी करायची ठरवली. प्रश्न वाचून सारख्या प्रश्नांच्या जोड्या लावायला बसले, तर काही जमेना. मग प्रत्येक उत्तराचं सार एका ओळीत लिहिलं. 'पेरणी कधी करू?', 'पहिल्या पावसावर पेरलं तर?', 'जमीन ओली झाली, पेरू का?' या तिघांपुढे एकच ओळ आली: ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर पेरा. ओळ एक, म्हणजे प्रश्न एक. मथळा ठेवला 'किती पावसावर पेरू?', कारण फोनवर लोक असंच विचारतात.

जुन्या उत्तरात हा आकडा पाचव्या वाक्यात दडला होता. आधी सगळं मॉन्सूनपुराण. आता आकडा पहिल्या वाक्यात, कारण दुसऱ्यात: कमी ओलीवर पेरलं अन् पावसानं ताण दिला, तर दुबार पेरणीची पाळी येते. बस्स.

एक चूक मात्र झाली. 'घरचं बियाणं चालेल का?' आणि 'उगवण कशी तपासू?' हेही मी एकत्र केले. दोन्हींत '१०० पैकी ७० दाणे उगवले पाहिजेत' होतं, म्हणून. पण पहिल्याला हो-नाही हवं असतं, दुसऱ्याला ओल्या गोणपाटावर दाणे मांडायची कृती. कृती विचारणारे फोन लगेच वाढले, तेव्हा ते पुन्हा वेगळे केले. शेवटी १७ उरले.