तिमाही कामाची नोंद कशी ठेवावी: मूल्यमापनासाठी आणि बायोडाटासाठी

हा लेख विदर्भातील गावांमध्ये शेतकरी उत्पादक कंपनीत, सामाजिक संस्थेत किंवा एखाद्या प्रकल्पात क्षेत्रावर काम करणाऱ्यांसाठी आहे. त्यांचे वार्षिक मूल्यमापन बहुधा एप्रिलमध्ये होते, आणि तोपर्यंत जुलैमधील काम आठवत नाही. दर तीन महिन्यांनी नोंद करावी, हा सल्ला सर्वच जण देतात. ती नोंद कशी लिहावी, हे मात्र कोणी सांगत नाही.

प्रथम मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये दर तीन महिन्यांनी पुन्हा येणारी आठवण लावावी. त्यासाठी 5 एप्रिल, 5 जुलै, 5 ऑक्टोबर आणि 5 जानेवारी या तारखा घ्याव्यात. तिमाहीचा शेवटचा दिवस म्हणून 31 मार्चपासून आठवण लावली, तर जून आणि सप्टेंबरमध्ये 31 तारीखच नसल्यामुळे गूगल कॅलेंडर त्या दोन्ही वेळा आठवण देत नाही. शिवाय महिनाअखेरीला मासिक अहवालाची घाई असते. पाच तारखेपर्यंत तो अहवाल पाठवून झालेला असतो आणि त्यातील आकडे हाताशी असतात. वेळ रात्री आठची ठेवावी, कारण दिवसा आपण शेतात किंवा रस्त्यावर असतो.

नोंद एका साध्या वहीत किंवा स्वतःच्या ईमेल खात्यावरील एकाच फाइलमध्ये ठेवावी. कार्यालयाच्या खात्यावर ठेवू नये, कारण प्रकल्प संपला की ते खाते बंद होते.

त्यानंतर येतो खरा अवघड टप्पा, म्हणजे प्रत्यक्ष लिहिण्याचा. याच टप्प्यावर मी सुरुवातीला फार अडखळत असे. समोर दैनंदिनी, भेट नोंदवही आणि हजेरीपट असूनही कागदावर उतरत असे ते फक्त ‘बारा मेळावे घेतले, सहा गावांत जनजागृती केली’ एवढेच. अशा वाक्यांना मूल्यमापनात काहीही किंमत नाही, हे माझे ठाम मत आहे. मेळावे घेणे हे तर नेमून दिलेले काम आहे, आणि त्या वाक्यातून तुमच्यामुळे काय बदलले ते कळत नाही. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी आल्याच पाहिजेत: आधी स्थिती काय होती, मी नेमके काय केले, त्यानंतर काय दिसले, आणि याचा कागद कुठे आहे. यातील पहिली गोष्ट सर्वाधिक निसटते. आधीचा आकडा तिमाही संपल्यावर शोधायला गेलात, तर तो सापडत नाही किंवा सोयीचा तेवढाच आठवतो. म्हणून पाच तारखेला मागील तिमाही लिहून झाली की लगेच पुढील तिमाहीतील मोठ्या कामाची आजची स्थिती एका ओळीत लिहून ठेवावी.

एक उदाहरण घेऊ. समजा, यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात एक क्षेत्र कार्यकर्ती सहा गावांमधील 230 कापूस उत्पादकांसोबत काम करते. गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवण्यासाठी पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी कामगंध सापळे लागायला हवेत, पण मागील हंगामात ते गावात उशिरा पोहोचले आणि फक्त 31 शेतकऱ्यांनी लावले. या वर्षी तिने जूनअखेरीसच गावनिहाय मागणी आणि पैसे गोळा केले. त्यामुळे सापळे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोहोचले आणि 96 शेतकऱ्यांनी ते लावले. सलग तीन रात्री एका सापळ्यात प्रत्येक रात्री आठ किंवा अधिक पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा, हा निकष तिने समजावून दिल्यावर त्यांपैकी 41 जण पतंगांची मोजणी वहीत लिहू लागले.

5 ऑक्टोबरची तिची नोंद अशी असावी: ‘मागील हंगामात सापळे लावणारे 31. या वर्षी मागणी आणि पैसे जूनअखेरीस मी गोळा केले, खरेदी कंपनीने केली. सापळे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोहोचले. लावणारे 96, मोजणी लिहिणारे 41. आधार: मागणी यादी, वाटप यादी, मोजणीच्या वह्या.’ यात ‘मी’ आणि ‘कंपनीने’ हे शब्द वेगवेगळे आले आहेत. सगळीकडे ‘आम्ही’ लिहिले तर तुमचा वाटा दिसत नाही. सगळीकडे ‘मी’ लिहिले तर मूल्यमापनाच्या बैठकीत बसलेला खरेदीचा सहकारी मनातून तुमच्यावरील विश्वास काढून घेतो. त्याच वर्षी कृषी विभागाने काही गावांत सापळे मोफत दिले असतील, तर तेही लिहावे आणि ते शेतकरी 96 मधून वेगळे दाखवावेत.

आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. कापसाचा हंगाम तिमाहीच्या चौकटीत बसत नाही. ऑगस्टमधील कामाचा परिणाम हिरवी बोंडे फोडून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि एकरी वीस बोंडे तोडून त्यांपैकी किती किडकी निघतात हे पाहण्याची वेळ पुढील तिमाहीत येते. वीसपैकी दोन किडकी, म्हणजे 10 टक्के, ही नुकसानीची पातळी मानली जाते. म्हणून ऑक्टोबरच्या नोंदीखाली ‘परिणाम बाकी’ असे लिहून जागा मोकळी ठेवावी आणि 5 जानेवारीला ती प्रथम भरावी. तेव्हाही सापळे लावलेल्या आणि न लावलेल्या, पण त्याच गावातील आणि जवळपास एकाच वेळी पेरलेल्या शेतांचीच तुलना करावी. ‘माझ्या कामामुळे उत्पादन वीस टक्क्यांनी वाढले’ असे कधीही लिहू नका. पाऊस, जमीन, वाण आणि फवारणी यांचा वाटा तुम्हाला वेगळा काढता येत नाही, आणि शेती समजणारा अधिकारी याच वाक्यावर तुम्हाला थांबवतो. बोंडांमध्ये फरक दिसला नाही, तर तसेच लिहावे. सापळे वेळेवर पोहोचवणे आणि लोकांना मोजणीची सवय लावणे हे काम त्यामुळे पुसले जात नाही.

एप्रिलमध्ये मूल्यमापनाचा अर्ज भरताना वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली उद्दिष्टे समोर ठेवावीत आणि त्यांना लागू पडणाऱ्या नोंदी तेवढ्याच निवडाव्यात. राज्य शासनाच्या सेवेत असाल, तरी कार्यमूल्यमापन अहवालातील स्वतःच्या कामाचा भाग याच नोंदींतून लिहिता येतो. बायोडाटासाठी मात्र संपूर्ण नोंद एका ओळीत आणावी, कारण वाचणाऱ्याला तुमचा तालुका आणि हंगाम माहीत नसतो: ‘सहा गावांतील 230 कापूस उत्पादकांमध्ये कामगंध सापळ्यांची मागणी नोंदणी जूनमध्ये आणून वापर एका हंगामात 31 वरून 96 शेतकऱ्यांपर्यंत नेला.’ मुलाखतीत यावर जो पहिला प्रश्न येईल, त्याचे उत्तर मूळ नोंदीत असते, म्हणून ओळ बायोडाटात गेली तरी नोंद खोडू नये.

कंत्राट 31 मार्चला संपणार असेल, तर 5 एप्रिलची वाट पाहू नये. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच शेवटची नोंद पूर्ण करावी, आधार असलेल्या कागदांचे नाव आणि तारीख उतरवून घ्यावी आणि पर्यवेक्षकांकडून कामाचे प्रमाणपत्र मागावे. शेतकऱ्यांची नावे, मोबाइल क्रमांक आणि आधार क्रमांक असलेल्या याद्या मात्र सोबत नेऊ नयेत. तुमच्या नोंदीला फक्त संख्या लागते, आणि त्या याद्या संस्थेच्या कपाटातच राहिल्या पाहिजेत.