वास्तुशांतीची रजा: मुहूर्त सरकला तरी अडचण होऊ नये म्हणून

घरच्या आणि जवळच्या नात्यातल्या पाच वास्तुशांती मी पार पाडल्या. त्यातल्या दोनच ठरल्या दिवशी झाल्या. म्हणून "मुहूर्त काढला की लगेच रजा टाका" हा सल्ला मला पटत नाही.

गुरुजींकडून मुहूर्त घेताना दोन तारखा घ्या, आणि दुसरी तारीख पहिलीनंतर निदान आठ-दहा दिवसांनी असू द्या. बिल्डरचा ताबा लांबला किंवा घरात सुतक आलं, तर दोन-तीन दिवसांनंतरची तारीखही हातची जाते. मुहूर्त ज्येष्ठातला असेल तर दुसरी तारीखही आषाढी एकादशीच्या आतलीच मागा. त्यानंतर चातुर्मास लागतो आणि बरेच गुरुजी कार्तिकीपर्यंत मुहूर्त देत नाहीत.

वेळही विचारून घ्या. तिथी रात्री बारा वाजता बदलत नाही, त्यामुळे कधी मुहूर्त सकाळी साडेनऊलाच संपतो. म्हणून अर्ध्या दिवसाच्या रजेवर भागवू नका. पूजा, होम आणि जेवणं यातच संध्याकाळ होते. पहिली रात्र नव्या घरात काढायची असेल तर दुसरा दिवसही धरा.

आता खरी अडचण, अर्जाची. पहिल्या वेळी मी सरळ तीन दिवसांची रजा मंजूर करून घेतली. बिल्डरने किल्ली दिली नाही आणि मुहूर्त अकरा दिवस पुढे गेला. दुसऱ्या अर्जावर साहेब म्हणाले, "महिनाअखेर आहे, आता कसं जमेल?" त्यांचंही चुकलं नव्हतं. तारीख हलू शकते हे मी त्यांना आधी सांगितलंच नव्हतं. पूजेला मी बसलो खरा, पण ती रजा बिनपगारी गेली.

तेव्हापासून मी अर्ज असा लिहितो:

"नवीन घराच्या वास्तुशांतीसाठी गुरुवार दि. 12 व शुक्रवार दि. 13 रोजी रजा मिळावी. घराचा ताबा लांबल्यास पर्यायी मुहूर्त सोमवार दि. 23 चा असून, त्या वेळी दि. 23 व 24 रोजी रजा लागेल. यांपैकी कोणते दिवस, हे दि. 5 पर्यंत लेखी कळवतो. या चारही दिवशी माझे काम कोण पाहील, हे सहकाऱ्यांशी बोलून ठरवले आहे."

यातलं "दि. 5 पर्यंत" हे वाक्य कधीही गाळू नका. साहेबांना दोन तारखा चालतात, अधांतरी ठेवलेलं चालत नाही. आणि तो दिवस खरंच पाळा. चार तारखेपर्यंत किल्ली हातात नसेल तर बिल्डरच्या "उद्या नक्की"वर विसंबू नका, सरळ 23 कळवा.

पाच तारखेनंतर सुतक आलं तर त्याच दिवशी फोन करा आणि मागोमाग लेखी द्या.

तारीख बदलली की आधी जुनी मंजूर रजा रद्द करून घ्या, मग नवी टाका. तोंडी सांगून भागत नाही. माझ्या मेहुण्याने रद्दचा अर्ज दिला नव्हता. 12 आणि 13 ला तो कामावर हजर होता, तरी खात्यातून चार दिवस गेले आणि ते परत मिळवायला हजेरीचा उतारा जोडावा लागला.