तीन लांब्यांचा त्रिकोण होतो का? एकच बेरीज पुरते

तिन्ही बेरजा तपासत बसू नका. सर्वांत मोठी लांबी बाजूला काढा आणि उरलेल्या दोघींची बेरीज तिच्यापेक्षा मोठी आहे का, एवढंच बघा. ४, ५ आणि १० सेंमी घेतल्या तर ४ + १० > ५ हे खरंच आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. ४ + ५ = ९, म्हणजे १० ला १ सेंमी कमी. त्रिकोण नाही.

कारण नकाशावर दिसतं. सिन्नर आणि त्र्यंबकेश्वर पट्टीने सरळ जोडा. नाशिक या रेषेच्या उत्तरेला राहतं. नाशिकवरून रेषेवर लंब टाका. सिन्नर–नाशिक ही रेघ कर्ण झाली आणि कर्ण काटकोनाच्या बाजूपेक्षा मोठाच, म्हणून ती सिन्नरपासून लंबाच्या पायथ्यापर्यंतच्या तुकड्यापेक्षा मोठी. नाशिक–त्र्यंबक दुसऱ्या तुकड्यापेक्षा मोठी. दोन्ही तुकडे जोडले की सरळ वाट पुरी होते, म्हणून वळसा तिच्यापेक्षा लांबच. लंब आत पडायला हवा. सर्वांत मोठ्या बाजूवर टाकला की तो आतच पडतो.

फसवणूक होते ती ४, ५, ९ मध्ये. कंपासने काढलेले कंस पायावरच टेकायला हवेत, पण मुलांच्या वहीत चपटा त्रिकोण हमखास उमटतो. दोन्ही कंस अर्धा मिलिमीटर जास्त उघडले, तरी शिरोबिंदू जवळजवळ ७ मिमी वर जातं! इथे चित्रावर नाही, बेरजेवर विश्वास ठेवा.