ताऱ्याचे तापमान वर्णपटावरून कसे काढावे : शिखर शोधण्यापेक्षा उतार मोजा

सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पोलाद तापवण्याची भट्टी पाहिलेल्या माणसाला हे ठाऊक असते की तुकडा आधी काळसर लाल, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी पांढुरका दिसू लागतो, आणि अनुभवी कारागीर या रंगावरूनच तापमानाचा अंदाज बांधतो. ताऱ्यांच्या बाबतीतही तत्त्व तेच आहे. मात्र पाठ्यपुस्तकात हे तत्त्व ज्या सूत्राने शिकवले जाते, त्या सूत्राने थेट मोजणी करायला गेल्यास निराशाच पदरी पडते. ती का पडते हे आधी समजून घेऊ आणि मग साध्या कॅमेऱ्याने रोहिणी ताऱ्याचे तापमान काढू.

विल्हेल्म वीन याने १८९३ मध्ये मांडलेला नियम असा : तापलेल्या आदर्श कृष्णवस्तूचे, म्हणजे पडलेला सर्व प्रकाश शोषून घेणाऱ्या वस्तूचे, प्रारण ज्या तरंगलांबीला सर्वाधिक असते, ती तरंगलांबी आणि केल्विनमधील तापमान यांचा गुणाकार स्थिर असतो. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घेतली तर हा गुणाकार सुमारे २८,९८,००० येतो. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान ५,७७२ केल्विन आहे, म्हणून त्याचे शिखर ५०२ नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या रंगात पडते. तरीही सूर्य हिरवा दिसत नाही, कारण शिखराच्या दोन्ही बाजूंना सर्वच रंग भरपूर असतात आणि त्यांची बेरीज डोळ्याला पांढरी भासते. उलट ८०० अंश सेल्सिअसच्या लालभडक पोलादाचे शिखर २,७०० नॅनोमीटरला, अवरक्तात असते. आपल्याला दिसतो तो त्या वक्राच्या निळ्या बाजूचा केवळ शेवटचा उतार. शिखर ७०० नॅनोमीटरवर यायला सुमारे ४,१४० केल्विन लागतात, आणि पोलाद त्याच्या खूप आधीच वितळते. थोडक्यात, भट्टीतला कोणताही रंग शिखराचा नसतो. दृश्य पट्ट्यात वक्र किती तीव्रपणे चढतो यावर तो ठरतो.

रोहिणीचे तापमान ३,९०० केल्विनच्या आसपास आहे, म्हणजे तिचे शिखर ७४३ नॅनोमीटरला यायला हवे. साध्या कॅमेऱ्याच्या संवेदकापुढे अवरक्त अडवणारी काच बसवलेली असते आणि ती ७०० नॅनोमीटरच्या आधीच प्रकाश कापू लागते. त्यामुळे छायाचित्रातील वर्णपटाचा सर्वांत उजळ भाग हिरव्या किंवा नारिंगी रंगात सापडतो, पण ते शिखर ताऱ्याचे नसून कॅमेऱ्याचे असते. ते वीनच्या सूत्रात घालून रोहिणीला सूर्याइतके तापवणे हा नवख्यांचा नेहमीचा घोटाळा आहे. यावर उपाय म्हणजे तापमान माहीत असलेला दुसरा तारा त्याच कॅमेऱ्याने, त्याच रात्री टिपायचा आणि दोन तरंगलांब्यांना दोन्ही ताऱ्यांच्या प्रकाशाचे गुणोत्तर काढायचे. कॅमेऱ्याचा पक्षपात दोन्हीकडे सारखा असल्याने भागाकारात तो उडून जातो.

संदर्भासाठी प्रश्वा हा तारा घ्यावा. त्याचे तापमान सुमारे ६,५३० केल्विन आहे. व्याध अधिक तेजस्वी असला तरी त्या जातीच्या ताऱ्यांच्या वातावरणातील हायड्रोजन वर्णपटाचा उतार बदलून टाकतो आणि तो कृष्णवस्तूसारखा वागत नाही, म्हणून येथे तो चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास नाशिकहून रोहिणी मध्यमंडलाच्या पश्चिमेला आणि प्रश्वा पूर्वेला, दोन्ही क्षितिजापासून ६० अंशांपेक्षा वर असतात. ही वेळ महत्त्वाची आहे : हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, आणि एक तारा माथ्यावर व दुसरा क्षितिजाजवळ असेल तर खालचा तारा विनाकारण थंड भासतो. शहरातील दिव्यांपासून दूर, त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याने अंजनेरीच्या बाजूला गेल्यास पार्श्वभूमी बरीच काळी मिळते.

साहित्य फार लागत नाही. रॉ स्वरूपात चित्र साठवणारा डीएसएलआर कॅमेरा, ८५ मिलिमीटरच्या आसपासचे भिंग, तिपाई आणि भिंगापुढे बसणारे, दर मिलिमीटरला १०० रेषा असलेले, प्रकाश रंगांत पसरवणारे पारदर्शक ग्रेटिंग एवढे पुरे. चित्रात ताऱ्याचा ठिपका आणि त्याच्या शेजारी ताणलेली रंगीत पट्टी दिसते. ग्रेटिंग अशा रीतीने फिरवावे की पट्टी उत्तर–दक्षिण दिशेत पडेल. मग आठ-दहा सेकंद उघडीप ठेवली की पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारा पूर्व–पश्चिम सरकतो आणि एका धाग्याएवढी बारीक पट्टी आपोआप रुंद होते. ताऱ्यामागे फिरणारी यंत्रणा लागतच नाही. फोकस ठिपक्यावर न करता पट्टीवर करावा. दोन्ही ताऱ्यांसाठी छिद्र, आयएसओ आणि फोकस तेच ठेवावेत. पट्टीचा कोणताही भाग संपृक्त झाला, म्हणजे आलेखात माथा सपाट कापल्यासारखा दिसला, तर ते चित्र बाद करून उघडीप कमी करावी.

जेपीजी चित्र येथे निरुपयोगी ठरते, कारण ते तयार करताना कॅमेरा उजेडाचे प्रमाण वाकवतो आणि दुप्पट प्रकाश दुप्पट आकडा देत नाही. रॉ चित्र कोणतीही उजळणी न करता रेषीय स्वरूपात उघडावे, पट्टीच्या लांबीला धरून उजेडाचा आलेख काढावा (ImageJ मधील Plot Profile हे काम करते) आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या आकाशाची सरासरी त्यातून वजा करावी. पिक्सेलचे नॅनोमीटर करण्यासाठी मात्र व्याधच कामाला येतो : त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या ४८६.१ आणि ४३४.० नॅनोमीटरच्या काळ्या रेषा ठळक दिसतात. ठिपक्यापासून त्यांचे अंतर मोजले की दर पिक्सेलला किती नॅनोमीटर ते कळते. वर सांगितलेल्या भिंगासह आणि ४ मायक्रॉनच्या पिक्सेलसह ते सुमारे अर्धा नॅनोमीटर येते. उत्तर याहून फार वेगळे आले तर बहुधा रेषा ओळखण्यात चूक झालेली असते. रोहिणीच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. ती कृत्तिकांजवळच्या हायडीज तारकागुच्छासमोर दिसते आणि त्या गुच्छातील एखाद्या ताऱ्याचा ठिपका नेमका तिच्या पट्टीवर पडू शकतो. आलेखात अचानक अरुंद टेकाड दिसले तर ग्रेटिंग थोडे फिरवून दुसरे चित्र घ्यावे. टेकाड जागा बदलते, पण खरी रेषा बदलत नाही.

आता गणित. L1 ही लहान आणि L2 ही मोठी तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, F हा आलेखावरचा उजेड, T हे केल्विनमधील तापमान, x म्हणजे रोहिणी आणि r म्हणजे प्रश्वा :

```
Q = (Fx2 / Fr2) / (Fx1 / Fr1)
K = 1.4388e7 * (1/L1 - 1/L2)
1/Tx = 1/Tr + ln(Q) / K
```

कृष्णवस्तूच्या प्रारणाचा पूर्ण वक्र देणाऱ्या प्लांकच्या सूत्राऐवजी येथे वीनचे सोपे रूप वापरले आहे. या दोन ताऱ्यांसाठी त्याने गुणोत्तरात एक-दीड टक्क्यापेक्षा जास्त फरक पडत नाही.

कोणत्या तरंगलांब्या निवडायच्या हा खरा कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर घराबाहेर न पडताही तपासता येते, कारण दोन्ही ताऱ्यांच्या निळ्या आणि पिवळ्या प्रतींचे, म्हणजे त्या रंगांतील तेजाच्या मापांचे, फरक तक्त्यांत उपलब्ध आहेत. B−V हा रंगांक रोहिणीसाठी १.५४ आणि प्रश्वासाठी ०.४२ आहे. फरक १.१२ प्रतींचा, म्हणजे Q सुमारे २.८ आणि त्याचा नैसर्गिक लॉगरिदम १.०३. या पट्ट्यांचे मध्य ४४० आणि ५५० नॅनोमीटर धरले तर K ६,५४० येतो. प्रश्वासाठी १/T हे ०.०००१५३१, त्यात १.०३ भागिले ६,५४० म्हणजे ०.०००१५७५ मिळवले की बेरीज ०.०००३१०६ होते आणि रोहिणीचे तापमान सुमारे ३,२०० केल्विन निघते. हे खऱ्या आकड्यापेक्षा ७०० केल्विनने कमी आहे.

गणितात चूक नाही. रोहिणीच्या थंड वातावरणात लोखंडासारख्या धातूंच्या असंख्य शोषणरेषा निळ्या भागात दाटीने असतात आणि तेथील प्रकाश गिळतात. ३,९०० केल्विनच्या शुद्ध कृष्णवस्तूसाठी Q सुमारे १.९६ आला असता. म्हणजे प्रश्वाच्या तुलनेत निळ्याचा जवळजवळ तीस टक्के भाग रेषांनी खाल्ला आहे. म्हणून स्वतःच्या वर्णपटावर मोजताना ५५० आणि ६५० नॅनोमीटर या जागा घ्याव्यात आणि प्रत्येक ठिकाणी आठ-दहा नॅनोमीटरच्या पट्ट्याची सरासरी धरावी. तेथे K ४,०२५ येतो आणि Q १.५२ मिळाला तर उत्तर बरोबर ३,९०० पडते. प्रत्यक्षात उत्तर थोडे कमी येण्याची शक्यता अधिक, कारण रेषा येथेही पूर्ण नाहीशा होत नाहीत. Q मध्ये पाच टक्क्यांची चूक झाली तर तापमान सुमारे २०० केल्विनने हलते, हे लक्षात ठेवून उत्तर शंभराच्या पटीतच लिहावे.

पडताळणीसाठी त्याच रात्री काक्षीचा वर्णपट घ्यावा. सुमारे ३,६०० केल्विनच्या या ताऱ्यात टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू टिकतात आणि त्यांचे पट्टे आलेखावर करवतीच्या दात्यांसारखे उमटतात : निळ्या बाजूने एकदम खोल पडणारे आणि तांबड्या बाजूला हळूहळू वर येणारे. रोहिणीत ही मालिका जवळजवळ दिसत नाही, म्हणजे ती काक्षीपेक्षा गरम आहे. ५१७ नॅनोमीटरजवळची एकटी खाच पाहून फसू नये. ती मॅग्नेशियमचीही असते. काक्षीसाठी उताराची पद्धत मात्र वापरू नये, कारण हे पट्टे ५५० आणि ६५० दोन्ही ठिकाणांपर्यंत पोहोचतात.

गरम ताऱ्यांकडे जावे तशी ही पद्धत दुबळी होते. राजन्य सुमारे १२,००० केल्विनचा आहे, आणि Q मधील तीच पाच टक्क्यांची चूक त्याला १०,५०० पासून १४,००० पर्यंत कोठेही नेऊन ठेवते, कारण त्याचे शिखर अतिनील भागात असते आणि दृश्य पट्ट्यातील उतार तापमानाबरोबर फारसा बदलत नाही. तेथे रेषांचाच आधार घ्यावा लागतो. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेल्या आयनीभवनाच्या समीकरणातून हे स्पष्ट झाले की कोणत्या तापमानाला कोणत्या मूलद्रव्याच्या रेषा ठळक होतील. हायड्रोजनच्या दृश्य रेषा १०,००० केल्विनच्या आसपास सर्वांत गडद असतात आणि त्याहून गरम ताऱ्यांत पुन्हा फिक्या पडतात, पण तेथे हेलियमच्या रेषा उमटू लागतात. म्हणून हायड्रोजनच्या रेषा मध्यम गडद दिसल्या तर आधी हेलियमची ४४७.१ नॅनोमीटरची रेषा शोधावी. ती असेल तर तारा १०,००० केल्विनच्या गरम बाजूचा, आणि तिच्याऐवजी धातूंच्या रेषा असतील तर थंड बाजूचा समजावा.